१०० केबीत बसणारा आणि तरीही वाचता येणारा स्क्रीनशॉट

प्रश्न: परीक्षेची फी यूपीआयने दोनदा कापली गेली. परतावा मागण्यासाठी सरकारी फॉर्मवर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट चढवायचा आहे. जेपीजीच हवा आणि १०० केबीच्या आत हवा. माझा स्क्रीनशॉट १.४ एमबीचा पीएनजी आहे. एका साइटवर कॉम्प्रेस करून टाकला, तर ‘दस्तऐवज अस्पष्ट’ म्हणून अर्ज परत आला. शिवाय बँकेशी झालेल्या चॅटचे सहा स्क्रीनशॉट त्यांच्या ऑफिसला मेल केले, तर मेलच परत आला. ५ एमबीची मर्यादा आहे म्हणे. फोन आहे, घरी विंडोजचा लॅपटॉपही आहे. अक्षरं न बिघडवता फाइल लहान कशी करायची?

उत्तर:

आधी कापा, मग रंग काढा, मग लागलं तरच लांबी-रुंदी कमी करा, आणि क्वालिटीला सगळ्यात शेवटी हात लावा. कॉम्प्रेस करून देणाऱ्या बहुतेक साइट याच्या नेमकं उलट करतात. अख्खा स्क्रीनशॉट आहे तसा घेतात आणि १०० केबी होईपर्यंत क्वालिटी खाली ओढत नेतात. तुमचा अर्ज तिथेच अडकला.

अर्ज भरून देण्याचं आणि लोकांचे परत आलेले अर्ज दुरुस्त करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. ‘अस्पष्ट’ शेरा बसलेल्या फाइली उघडल्या की जवळजवळ प्रत्येक वेळी हेच दिसतं: ॲपवरची जाहिरात व्यवस्थित जागेवर असते आणि व्यवहार क्रमांकाचा मात्र चिखल झालेला असतो.

तुमच्या १.४ एमबीत नेमकं काय भरलंय ते बघू. फोनचा पडदा १०८० बाय २४०० पिक्सेलचा धरू, हल्लीच्या बऱ्याच फोनचा तेवढाच असतो. म्हणजे झाले साधारण २६ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे कच्चा माल साडेसात एमबीच्या आसपास. पीएनजी तो एकही ठिपका न बदलता आवळतो. सपाट पांढरी जागा असेल तर तो ‘इथून तिथपर्यंत हेच’ एवढंच लिहून मोकळा होतो, त्यामुळे नुसत्या अक्षरांचा स्क्रीनशॉट पीएनजीत छोटाच असतो. पण पैसे भरल्याच्या पानावर वर रंग बदलत जाणारी हिरवी पट्टी असते आणि खाली कॅशबॅकची किंवा कर्जाची जाहिरात असते, तीही कुणाच्या तरी हसऱ्या फोटोसकट. फोटोत शेजारचे दोन ठिपके सहसा सारखे नसतात, म्हणून पीएनजीला तिथे आवळायला काही मिळतच नाही. १.४ एमबीपैकी मोठा वाटा त्या जाहिरातीचा असतो. तुम्हाला हवी असलेली रक्कम, तारीख, कुणाला दिले आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, हे सगळं त्या मानाने चिमूटभर जागेत आहे.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. लॅपटॉपवर चित्र पेंटमध्ये उघडा, `Select` ने हवा तेवढा चौकोन आखा आणि `Crop` दाबा. फोनवर गॅलरीतल्या एडिटमध्येही हे होतं. वरची बॅटरी-नेटवर्कची पट्टी आणि खालची जाहिरात जाऊ द्या. ‘यशस्वी’ ही ओळ, रक्कम, पैसे ज्याला गेले त्याचं नाव, तारीख-वेळ आणि बारा अंकी यूटीआर हे सगळं राहिलं पाहिजे. यूटीआर दिसत नसेल तर व्यवहाराचे तपशील उलगडून स्क्रीनशॉट पुन्हा घ्या. काही ॲप स्वतःचा लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी ठळक दाखवतात आणि यूटीआर खाली दडवतात, पण बँक व्यवहार शोधते ते यूटीआरवरून. दोनदा कापलेल्या फीचे यूटीआर वेगवेगळे असणार, त्यामुळे दोन्ही व्यवहार दाखवायचे आहेत हेही विसरू नका. फॉर्मवर एकच फाइल चालत असेल तर कापलेले दोन तुकडे पेंटमध्ये एकाखाली एक चिकटवा.

एका व्यवहाराचा तुकडा कापल्यावर समजा १०८० बाय १२०० उरला. निम्मे ठिपके गेले, पण वजन निम्म्याहून बरंच कमी होतं, कारण जड भाग नेमका बाहेर पडलेला असतो. १.४ एमबीचा पीएनजी इथेच दोन-अडीचशे केबीवर आलेला मी अनेकदा पाहिलाय.

दुसरं काम रंगांचं, आणि याकडे कुणी बघतच नाही. जेपीजी मुळात फोटोंसाठी केलेला प्रकार आहे. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार गाळतो. आकाश, चेहरा, भिंत यांत ते गाळलेलं कळतही नाही. अक्षराच्या कडेला मात्र काळं संपून एकदम पांढरं सुरू होतं, आणि जेपीजीला नेमका हाच झटका झेपत नाही. म्हणून अक्षरांभोवती करडी धूळ उडाल्यासारखी दिसते. त्यावर आणखी एक गोष्ट होते. रंगाची माहिती जेपीजी बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवतो, आडवीही निम्मी आणि उभीही निम्मी. काळ्या अक्षरांना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण पांढऱ्यावर लाल किंवा हिरव्यावर पांढरं लिहिलेलं असेल तर ते फुटतं. ‘यशस्वी’ची ओळ बहुधा हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत असते, त्यामुळे तीच आधी बिघडते.

चित्र कृष्णधवल केलं की हा रंगाचा घोळ मुळातून संपतो आणि फाइलही हलकी होते. पैसे भरल्याच्या पुराव्याला रंग लागत नाही. तपासणारा माणूस बऱ्याचदा त्याची काळी-पांढरी प्रिंटच काढतो. एक मात्र बघून घ्या. काही ॲप ‘यूटीआर’, ‘तारीख’ अशी लेबलं फिक्या करड्या अक्षरांत देतात. कृष्णधवल केल्यावर ती पांढऱ्यात विरतात. तसं झालं तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. ॲप डार्क मोडमध्ये असेल तर स्क्रीनशॉट लाइट मोड लावूनच पुन्हा घ्या. काळ्या पानाची प्रिंट कुणालाच आवडत नाही आणि झेरॉक्समध्ये तर तिची वाटच लागते.

आता हे करायचं कशाने. लॅपटॉपवर मी इरफानव्ह्यू वापरतो. घरगुती वापराला तो फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही पळतो. चित्र उघडून आधी कापायचं, मग `Image` मेनूतून `Convert to Grayscale`, मग `S` दाबून सेव्ह करताना प्रकार जेपीजी निवडायचा. शेजारी एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात क्वालिटीची पट्टी असते. ती ८० वर ठेवा. तुमचा १०८० बाय १२०० चा तुकडा एवढ्यावरच ७० ते ९० केबीत बसायला हरकत नाही. बसला तर थांबा, पुढे काही करू नका. त्याच खिडकीत फाइलचा आकार ठरवून द्यायचीही सोय आहे, `Set file size` नावाची. ती मोह पाडते, पण तिच्यात आणि तुमच्या त्या साइटमध्ये फरक नाही. कापण्याआधी वापरलीत तर तीही क्वालिटीच पाडणार. कापून, रंग काढून झाल्यावर शेवटचे दहा-वीस केबी उतरवायला ती चांगली.

काही इन्स्टॉल करायचं नसेल, तर विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये तीन टिंबांच्या मेनूत `Resize image` आहे. तिथे लांबी-रुंदी, क्वालिटी आणि फाइलचा प्रकार बदलता येतो, आणि सेव्ह करण्याआधी नवीन आकारही दिसतो. पेंटमध्ये जेपीजी करता येतो, पण क्वालिटी हातात राहत नाही. तो जे देईल ते घ्यायचं.

फोनवरच सगळं उरकायचं असेल तर ब्राउझरमध्ये `squoosh.app` उघडा. बाकीच्या साइटपेक्षा याची गोष्ट वेगळी आहे. चित्र कुठल्या सर्व्हरवर जात नाही, काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं. बँकेचा स्क्रीनशॉट अनोळखी साइटवर चढवणं मला तरी पटत नाही, मग ती ‘एका तासात डिलीट करतो’ असं कितीही लिहो. स्क्वूशमध्ये `MozJPEG` निवडा, `Advanced settings` मध्ये `Channels` ला `Grayscale` करा आणि क्वालिटीची पट्टी सरकवत खालचा आकडा बघत राहा. मधली रेघ ओढली की एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला नवीन असं शेजारी-शेजारी दिसतं. ती रेघ यूटीआरच्या आकड्यांवर नेऊन ठेवा. बाकी चित्राकडे बघायची गरज नाही.

तिसरं काम, लांबी-रुंदी कमी करणं. फॉर्मची मर्यादा ५० केबी असेल किंवा तुमच्याकडे दोन तुकडे जोडलेले असतील तर हे लागेल. इथे टक्केवारीकडे बघू नका, अंकांची उंची मोजा. १०८० रुंदीच्या स्क्रीनशॉटवर साध्या आकाराचा अंक साधारण २८ ते ३० पिक्सेल उंच असतो. रुंदी ७२० केली तर तो १९-२० पिक्सेलचा होतो, आरामात वाचता येतो. ५४० केली तर १४-१५ उरतात, तेही चालतं. ४०० च्या आसपास गेलात की अंक दहा-अकरा पिक्सेलवर येतो आणि तिथून जेपीजीची धूळ अंकांच्या पोटात शिरते. तीन आणि आठ, पाच आणि सहा, शून्य आणि आठ ही मंडळी एकमेकांसारखी दिसू लागतात. अंक आणि इंग्रजी अक्षरांसाठी मी १४ पिक्सेलच्या खाली जात नाही.

मराठी मजकूर असेल तर आणखी सैल हात ठेवा. देवनागरीत अर्थ पुष्कळदा एखाद्या बारीक ठिपक्यावर किंवा रेघेवर असतो आणि आकार कमी करताना आधी तेच जातं. अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो, रफार मात्रेसारखा दिसतो, ऱ्हस्व-दीर्घ उकार सारखेच वाटतात. सातबाराच्या ऑनलाइन उताऱ्याचा स्क्रीनशॉट बारीक केला की १ आणि ९ ओळखताना अडचण होते, आणि गट क्रमांकात तो फरक केवढा मोठा हे सांगायला नको. मराठी पानासाठी अक्षराची उंची, शिरोरेषेपासून खालपर्यंत, २० पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. लॅपटॉपवरून वेबपानाचा स्क्रीनशॉट घेत असाल तर `Ctrl` आणि `+` दाबून पान आधी १५० टक्के करा, मग फक्त हवा तेवढा भाग `Win+Shift+S` ने घ्या. अक्षर मुळात मोठं असलं की पुढे कमी करायला वाव राहतो. बारीक घेऊन नंतर मोठं केलं तर गेलेला अनुस्वार परत येत नाही.

एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो, कारण तिच्यात लोक तासभर घालवतात. पीएनजी ठेवून लांबी-रुंदी थोडी कमी केली, म्हणजे १०८० ची ९००, तर फाइल फारशी लहान होत नाही. कधीकधी मोठीच होते. याचं कारण असं की आकार बदलताना प्रोग्राम अक्षरांच्या कडा मऊ करतो, आणि जिथे काळा-पांढरा असे दोनच रंग होते तिथे मधल्या करड्या छटांची रांग तयार होते. पीएनजीला सगळ्यात आवडतो तो सपाटपणाच गेला. पीएनजी लहान करायचा तर त्यातले रंग मोजके करायचे. इरफानव्ह्यूत `Decrease Color Depth` मध्ये १६ रंग निवडले की नुसत्या मजकुराचा स्क्रीनशॉट ३०-४० केबीवर येतो आणि अक्षर जसंच्या तसं, धूळ नाही. फॉर्म पीएनजी घेत असेल तर मी जेपीजीच्या वाटेला जातच नाही.

तुमचा फॉर्म जेपीजीच मागतो. तिथे एक हमखास चूक होते, ती म्हणजे फाइलच्या नावातलं `.png` खोडून `.jpg` लिहिणं. नाव बदललं तरी आतला माल पीएनजीचाच राहतो. काही पोर्टल फक्त नाव बघतात, तिथे ते खपतं. काही फाइलचे पहिले बाइट तपासतात, तिथे ‘अवैध फाइल’ असा संदेश येतो आणि माणूस आकार कमी करत बसतो. शंका असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळा कचरा दिसेल, पण पहिल्या ओळीच्या सुरुवातीला `PNG` ही अक्षरं दिसली तर ती पीएनजी आहे. सुरुवातीला `JFIF` किंवा `Exif` दिसलं तर जेपीजी. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

फाइलचं नावही साधं ठेवा. `fee_utr.jpg` इतकंच. मोकळी जागा, कंस, मराठी अक्षरं किंवा नावात दोन ठिकाणी टिंब असलं की काही पोर्टल कारण न सांगता फाइल नाकारतात. आणि १०० केबीची मर्यादा असेल तर ९० च्या आसपास थांबा. कुणी १००० बाइटचा केबी धरतं, कुणी १०२४ चा. विंडोजमध्ये प्रॉपर्टीज उघडल्यावर दोन आकडे दिसतात, त्यातला `Size` बघायचा. `Size on disk` चा पोर्टलशी संबंध नाही.

किमान मर्यादेचाही उल्लेख करतो, कारण पुढच्या अर्जात तुम्हाला ती भेटेल. आपले सरकार पोर्टलवर कागदपत्रं ७५ ते ५०० केबीच्या मधे लागतात. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे सुबक केलेली ३५ केबीची फाइल तिथे चालणार नाही. लोक गोंधळतात, कारण ‘लहान करा’ एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. तिथे रंग ठेवा, लांबी-रुंदीला हात लावू नका आणि जेपीजीची क्वालिटी ९५ करा. फाइल आपोआप वर चढते, आणि अक्षर उलट जास्त स्वच्छ दिसतं. तरीही कमी पडली तर भोवती थोडा जास्त भाग ठेवून कापा.

कुणी सांगेल, स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, आपोआप लहान होतो. होतो खरा. पण व्हॉट्सॲप चित्राची लांबी-रुंदीही कमी करतं आणि जेपीजीही पुन्हा पाडतं, आणि किती ते तुमच्या हातात नसतं. स्क्रोल करून घेतलेला लांबलचक स्क्रीनशॉट असेल तर सगळ्यात वाईट, कारण लांबी मर्यादेत आणताना रुंदी पार सुतळीएवढी होते. तोच फोटो मुलाकडून मामाकडे आणि मामाकडून सायबर कॅफेत गेला तर प्रत्येक फेरीत आणखी घासला जातो. फोनवरून लॅपटॉपवर न्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल लावा.

आता मेलचं. सहा स्क्रीनशॉट, प्रत्येकी सव्वा-दीड एमबी, म्हणजे आठेक एमबी. ५ एमबीत ते बसणार नव्हतेच. पण त्यातले तीन पाठवून साडेचार एमबी केले असते तरी मेल परतच आला असता. मेलमधून फाइल जाते ती बेस-६४ या पद्धतीने अक्षरांत रूपांतर होऊन, आणि तीन बाइटांचे चार होतात. ओळींचे तुकडे वगैरे धरून फाइल ३५ ते ३७ टक्के फुगते. बऱ्याच ऑफिसांचा मेल सर्व्हर मोजतो तो हा फुगलेला आकार. त्यामुळे ५ एमबीची मर्यादा म्हणजे जोडलेल्या फाइली साडेतीन एमबीच्या आत. परत आलेल्या मेलमध्ये `552` किंवा `5.3.4` असा आकडा आणि `message size` असे शब्द असतील तर कारण हेच. तुमच्या जीमेलची २५ एमबीची मर्यादा इथे कामाची नाही, अडवतो तो समोरचा सर्व्हर. झिप करून पाठवायचा विचार असेल तर सोडा. पीएनजी आणि जेपीजी आधीच आवळलेले असतात, झिपने जेमतेम एखादा टक्का कमी होतो. त्यात अनेक कार्यालयांचे सर्व्हर झिप आली की मेलच बाजूला टाकतात.

चॅटचे स्क्रीनशॉट कापताना हात आवरता घ्या. वर समोरच्याचं नाव किंवा नंबर आणि प्रत्येक संदेशाची वेळ राहिलीच पाहिजे, नाहीतर तो नुसता मजकूर उरतो. पहिल्या स्क्रीनशॉटचा शेवटचा संदेश दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा दिसू द्या, म्हणजे मधलं काही गाळलेलं नाही हे कळतं. चॅटच्या मागे फुलाफुलांचं वॉलपेपर असेल तर स्क्रीनशॉट घेण्याआधी ते साधं करून घ्या. निम्मं वजन त्या फुलांचंच असतं.

सहा फाइली सुट्या पाठवण्यापेक्षा एकच पीडीएफ करा, पानं क्रमाने राहतात. सोळा रंगांचे सहा पीएनजी वर्डमध्ये एका पानावर एक असे टाका आणि `Save As` मध्ये पीडीएफ निवडा. तिथे `Minimum size` असा पर्याय दिसतो, तो टाळा, `Standard` ठेवा. सहा हलक्या चित्रांना `Standard` मध्येही पीडीएफ मोठी होत नाही.

कमांड लिहायची सवय असेल, किंवा हे काम रोजचंच असेल, तर इमेजमॅजिक आणि img2pdf ही जोडी बसवून घ्या. स्क्रीनशॉटना आधी `1.png` ते `6.png` अशी नावं द्या. `magick` ची ओळ फोल्डरमधल्या सगळ्या पीएनजींवर चालते, कृष्णधवल सोळा छटांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. `img2pdf` ची ओळ त्यांची पीडीएफ करते, चित्रांना हात न लावता.

```
mkdir lahan
magick mogrify -path lahan -alpha off -colorspace Gray -colors 16 *.png
cd lahan
img2pdf 1.png 2.png 3.png 4.png 5.png 6.png -o chat.pdf
```

`-alpha off` गाळू नका. स्क्रीनशॉटमध्ये पारदर्शकतेचा थर असेल तर जुना img2pdf तो घेत नाही आणि चूक दाखवून थांबतो. फॉर्मसाठीचा जेपीजी एका ओळीत होतो, ९० केबी हा कमाल आकार धरून:

```
magick fee.png -alpha off -colorspace Gray -define jpeg:extent=90KB fee_utr.jpg
```

इथेही `fee.png` आधी कापलेली हवी. न कापता हीच ओळ चालवली तर ९० केबीत ती जाहिरातही बसवायचा प्रयत्न करेल आणि तुम्ही पुन्हा ‘अस्पष्ट’वर याल.

आधीच तयार असलेली, स्कॅन किंवा स्क्रीनशॉटची मोठी पीडीएफ लहान करायची वेळ आली, तर घोस्टस्क्रिप्ट या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रामचं `/ebook` हे सेटिंग वापरा, ते चित्रं साधारण १५० डीपीआयवर आणतं. `/screen` ७२ वर आणतं, आणि ए-फोर पानावर मावणाऱ्या स्क्रीनशॉटची अक्षरं त्यात उरत नाहीत. पीडीएफ लहान करणाऱ्या साइटवरचं ‘एक्स्ट्रीम’ बटण बहुतेक याच पातळीचं काम करतं.

चढवण्याआधीची तपासणी अशी करा. तयार झालेली फाइल, पूर्वीची नव्हे, लॅपटॉपवर १०० टक्के आकारात उघडा आणि यूटीआरचे बारा अंक कागदावर लिहा. मग बँकेच्या स्टेटमेंटमधल्या अंकांशी ताडून बघा. मूळ स्क्रीनशॉटशी ताडू नका, तो आधी पाहिलेला असतो आणि डोळा आठवणीतून वाचतो. त्याहून बरं, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते अंक मोठ्याने वाचायला सांगा. एक जरी अंक अडला तर रुंदी एक पायरी वाढवा आणि क्वालिटी थोडी उतरवा. कमी क्वालिटीचा मोठा अंक चांगल्या क्वालिटीच्या बारीक अंकापेक्षा जास्त वाचता येतो, निदान या आकारांत तरी माझा अनुभव तसाच आहे.

मूळचे १.४ एमबीचे स्क्रीनशॉट, न कापलेले, एका फोल्डरमध्ये तसेच ठेवा आणि प्रत्येक वेळी नवीन प्रत त्यांच्यापासूनच करा, आधी लहान केलेल्यापासून नको. तुमचं प्रकरण लांबलं आणि कुणी अख्खा स्क्रीनशॉट मागितला तर तोच द्यायचा आहे.

आणि हे सगळं करण्याआधी पैसे भरलेल्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये पावतीची पीडीएफ डाउनलोड होते का ते बघा. त्या पीडीएफमध्ये अक्षरं चित्र म्हणून नसतात, खरी अक्षरं असतात, म्हणून कितीही मोठी करून बघितली तरी फुटत नाहीत आणि फाइल बहुधा शंभर केबीच्या आतच असते. बँकेला मेल करताना ती थेट जोडा. तुमच्या फॉर्मला जेपीजीच हवा असल्याने तिथे ती थेट चालणार नाही. पण ती लॅपटॉपवर १५० टक्के मोठी करून तिचा `Win+Shift+S` ने स्क्रीनशॉट घेतलात तर त्यात जाहिरात नसेल, हिरवी पट्टी नसेल, आणि कापायचं कामही उरणार नाही.